साडेनऊ लाखांचं एमबीए: पगार नको, फरक मोज

प्रश्न: सर, मी बेळगावचा, बीई मेकॅनिकल. उद्यमबागेत एका मशीन शॉपला क्वालिटीत तीन वर्षं झाली, हातात २८ हजार येतात. पुण्यात एका प्रायव्हेट कॉलेजात दोन वर्षांच्या फुलटाइम एमबीएची सीट मिळतेय, फी साडेनऊ लाख, ब्रोशरवर ॲव्हरेज पॅकेज ९ लाख लिहिलंय. घरचे म्हणतात दोन वर्षांत फी वसूल होईल. लोन काढून जाऊ का?

उत्तर: दोन वर्षांत नाही होणार वसूल. किती वर्षांत होईल ते तुझ्या हातात पहिल्या नोकरीचा कुठला आकडा पडतो त्यावर आहे, आणि तो आकडा ब्रोशरवरचा ९ नाही. मी बँकेत एज्युकेशन लोनच्या फायली बघण्यात बरीच वर्षं काढलीत, बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडची पोरं आणि त्यांचे वडील समोर बसून हाच हिशोब सांगायचे, की पगार इतका आणि फी इतकी म्हणजे झालंच की. त्यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे तू दोन वर्षं जो पगार सोडतोयस तो पण खर्चच आहे. आणि दुसरं, पुढं मिळणारा अख्खा पगार एमबीएची कमाई नाही, एमबीए न करता जो मिळालाच असता तो वजा करून जो उरतो तेवढीच एमबीएची कमाई. ह्या दोन गोष्टी धरून तुझाच हिशोब मांडून दाखवतो, तुझ्या आकड्यात थोडंफार इकडं तिकडं असेल ते तू बदलून घे.

आधी खर्च. फी साडेनऊ लाख. लॅपटॉप, एक्झाम फी, इंडस्ट्रियल व्हिजिट, इंटरव्ह्यूचे कपडे, असं किरकोळ किरकोळ म्हणत साठ हजार कुठं जातात कळत नाही, तेवढे धर. होस्टेल आणि मेसचे पुण्यात वर्षाला दीड लाख, दोन वर्षांचे ३ लाख. पण हे ३ लाख पूर्ण मांडायचे नाहीत हं, कारण बेळगावात असतास तरी जेवला असतासच की. घरात महिन्याला ६ हजार देत असशील तर दोन वर्षांचे जवळपास १ लाख ४० हजार इथंही गेलेच असते, म्हणून जादाचा खर्च फक्त १ लाख ६० हजार.

आता सुटलेला पगार. २८ हजार हातात येतात, पण पीएफ तुझा १८०० आणि कंपनीचा १८०० तो पण तुझाच पैसा आहे, आणि दिवाळीला बोनस मिळत असेल. सगळं धरून वर्षाला ४ लाखांच्या आसपास होतंय. दुसऱ्या वर्षी ८ टक्के वाढ मिळाली असती, म्हणजे ४ लाख ३० हजार. दोन्ही मिळून ८ लाख ३० हजार, त्यातनं समर इंटर्नशिपचा स्टायपेंड दोन महिन्यांचा तीसेक हजार वजा कर, राहिले ८ लाख. बघ, तुझ्या पगाराचा खर्च फीच्या जवळ जवळ येऊन बसला आणि ब्रोशरमध्ये त्याचा एक शब्द नसतो, नसणारच.

बेरीज कर. साडेनऊ, साठ हजार, १ लाख ६० आणि ८ लाख, मिळून १९ लाख ७० हजार. म्हणजे डिग्रीची खरी किंमत फीच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. जो पोरगा कॉलेजमधून थेट एमबीएला जातो आणि ज्याला नोकरीच नव्हती त्याला हीच डिग्री बरीच स्वस्त पडते, आणि ज्याचा पगार ५०-६० हजार आहे त्याला अजून महाग. एकाच वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांची किंमत वेगळी असते, म्हणून मित्राला परवडलं म्हणून मला परवडेल असं होत नाही.

आता मिळकतीकडं येऊ, आणि इथं थोडा वेळ घेतो कारण सगळा घोळ इथं असतो.

ॲव्हरेज ९ लाख म्हणजे काय ते दहा पोरांवर बघ. समज दहा जणांचे पॅकेज असे आहेत: २०, १४, १०, ८, साडेसात, साडेसात, साडेसहा, ६, साडेपाच आणि ५ लाख. बेरीज ९० लाख, ॲव्हरेज बरोबर ९. ब्रोशर खोटं बोललं नाही. पण दहातल्या सात जणांना ९ पेक्षा कमी मिळालेत, आणि मधल्या पोराला, म्हणजे मीडियनला, साडेसात. वरची दोन पोरं बहुतेक आधीपासून आयटीत चार-पाच वर्षं काम केलेली असतात, त्यांचं पॅकेज त्यांच्या जुन्या अनुभवावर आलेलं असतं, तुझ्या बाबतीत ते लागू नाही. आणि ह्या दहा जणांत ज्यांना नोकरीच लागली नाही ते मोजलेत का? बऱ्याच ठिकाणी '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणजे प्लेसमेंटला रजिस्टर झालेल्यांपैकी १०० टक्के, ज्यांचे मार्क कमी होते किंवा जे स्वतः बाहेर पडले ते यादीतच नसतात. म्हणून मी तुझ्यासाठी साडेसात लाख धरतो, तुला खात्री करून घ्यायची असेल तर कशी घ्यायची ते पुढं सांगतो.

साडेसात लाख सीटीसी म्हणजे हातात महिन्याला ६२ हजार नाहीत. त्यात दहा टक्के व्हेरिएबल असेल तर ७५ हजार गेले बाजूला, ते वर्षाच्या शेवटी मिळतील तेवढे मिळतील. कंपनीचा पीएफ २१ हजार ६००, ग्रॅच्युइटीचे पंधराएक हजार जे पाच वर्षं टिकलास तर दिसतील असं धरून चाल, इन्शुरन्सचे सातआठ हजार, हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं. राहिले साधारण ६ लाख ३० हजार. त्यातनं तुझा पीएफ आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स अडीच हजार गेला की हातात महिन्याला साडेपन्नास हजारांच्या आसपास. इन्कम टॅक्स ह्या पगारावर नव्या रिजीममध्ये लागत नाही, २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य आहे. तेव्हा कोणी तुला सांगेल की एज्युकेशन लोनच्या व्याजावर ८० ई खाली सूट मिळते, तर ती सूट फक्त जुन्या रिजीममध्ये आहे आणि जिथं टॅक्सच नाही तिथं सूट घेऊन करणार काय, ती हिशोबात धरू नकोस.

पीएफ दोन्ही बाजूचा आणि व्हेरिएबलमधले पन्नास हजार मिळाले असं धरलं तर वर्षाची खरी मिळकत ७ लाख. आता समोरचा आकडा बघ. तू गेलाच नसतास तर त्या वर्षी, म्हणजे आजपासून तिसऱ्या वर्षी, तुझी मिळकत ८ टक्के वाढीनं ४ लाख ६७ हजार झाली असती. फरक २ लाख ३३ हजार. पण नोकरी पुण्यात, खोलीचं भाडं आणि मेस धरून महिन्याला १५ हजार, घरात राहण्यापेक्षा वर्षाला १ लाख १० हजार जादा. मग खरा फरक किती राहिला? १ लाख २३ हजार, वर्षाला. जवळपास २० लाख घालून पहिल्या वर्षी सव्वा लाख.

दरवर्षी फरक वाढत जातो हे खरं. एमबीएनंतर १० टक्क्यांनी पगार वाढतो आणि बेळगावात ८ टक्क्यांनी असं धरून मी पुढं ओढून बघितलं, पाचव्या वर्षी फरक अडीच लाख होतोय, आठव्या वर्षी ४ लाखांच्या पुढं. ह्यांची नुसती बेरीज केली तर १९ लाख ७० हजार निघायला पास झाल्यापासून आठ वर्षं लागतात. आणि ही बेरीज फुकटच्या पैशाची आहे, म्हणजे आजचा एक लाख आणि आठ वर्षांनंतरचा एक लाख सारखाच धरून. ते बरोबर नाही कारण लोनवर व्याज चालू असतं आणि वडिलांनी एफडी मोडून दिले तरी ते व्याज बुडालंच. १० टक्के दर धरून सगळं पास होण्याच्या तारखेला आणलं, तर खर्च होतो २१ लाख ७० हजार आणि पहिल्या दहा वर्षांतला फरक, शेवटच्या वर्षांतला टॅक्स वजा करून, फक्त साडेपंधरा लाख. बरोबरी होते चौदाव्या वर्षाच्या आसपास. तोपर्यंत तू चाळिशीच्या उंबरठ्यावर असशील, आणि तेही १० आणि ८ टक्क्यांचा फरक चौदा वर्षं टिकला तर, तो टिकेलच असं कोणी लिहून देणार नाही.

एक जपायचं. १० टक्के दर लावून आकडे एका तारखेला आणले की लोनचं व्याज परत वेगळं खर्चात मिळवायचं नाही, ते एकच पैसे दोनदा मोजणं होतं. खूप जण, शिकलेले सुद्धा, दोन्ही करतात आणि मग डिग्री आहे त्याहून वाईट दिसते. व्याज एकतर असं मोज, नाहीतर तसं.

आता साडेसातच्या जागी ११ लाखांची नोकरी लागली असं समज. खरी मिळकत साधारण १० लाख, पहिल्या वर्षीचा फरक राहण्याचा खर्च जाऊन सव्वाचार लाख. पगार दीडपट पण झाला नाही पण फरक तिपटीच्या पुढं गेला, कारण वजा होणारा आकडा तेवढाच राहिला. इथं पास झाल्यापासून सहा वर्षांच्या आत बरोबरी होते, व्याज धरून. बघ की, साडेसात आणि अकरा ह्यात तसं फार अंतर वाटत नाही पण एकात चौदा वर्षं आणि दुसऱ्यात सहा. म्हणून मी पोरांना विचारतो की तुझ्यासारख्या पोराला, तुझ्यासारख्या मार्कांना आणि अनुभवाला, ह्या कॉलेजातून दहा-अकराच्या पुढं किती जणांना मिळालं. बाकी कॉलेज चांगलं का वाईट हा प्रश्न नंतरचा.

लोनचा हप्ता वेगळा बघायला लागतोय, कारण वसुली कागदावर झाली तरी महिना जायला पाहिजे. १० लाख लोन, निम्मं पहिल्या वर्षी निम्मं दुसऱ्या वर्षी, व्याज साडेदहा टक्के, आणि हप्ता पास झाल्यावर सहा महिन्यांनी सुरू, असं धर. शिकत असताना व्याज साधं चढतं, तरी हप्ता सुरू होईपर्यंत २ लाख १० हजार झालेलं असतं. म्हणजे १२ लाख १० हजारांचा हप्ता, सात वर्षांचा, महिन्याला २० हजार ४००. साडेपन्नास हजारातनं हा गेला, भाडं आणि मेसचे १५ हजार गेले, हातात उरले १५ हजार. बेळगावात राहिला असतास तर त्या वेळी साडेबत्तीस हजारातनं घरात ६ हजार देऊन साडेसव्वीस उरले असते. पगार वाढला पण खिसा रिकामा झाला, पहिली काही वर्षं तरी. लग्न, घराचं काम, बहिणीचं शिक्षण, काही ह्या काळात येणार असेल तर ते आत्ताच वडिलांशी बसून बोल. शिकत असतानाच व्याज भरत गेलास तर चढ थांबतो आणि काही बँका थोडी सूटही देतात, पहिल्या वर्षी महिन्याला चारपाच हजार आणि दुसऱ्या वर्षी आठनऊ हजार घरातनं निघत असतील तर ते करावं.

तारणाचं पण एक. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, आणि खानापूर भागातली पोरं शेताचे उतारे घेऊन येतात. थकलेल्या कर्जाचं तारण कोर्टात न जाता विकायचा जो सरफेसी कायदा आहे तो शेतजमिनीवर चालत नाही, म्हणून बँका तिला हात लावायला नको म्हणतात आणि शेवटी राहतं घर ठेवायला लागतं. २०२४ ला आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना विनातारण विनाजामीन आहे पण ती ठरलेल्या यादीतल्या संस्थांनाच, तुझं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघ. नसेल तर त्यातनंही एक गोष्ट कळते. राहतं घर ठेवून चौदा वर्षांची वसुली, हे मी कोणालाच सांगणार नाही.

आता खरा आकडा काढायचा कसा. कॉलेज केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेत असेल तर त्यांनी तिकडं दिलेला डेटा त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ म्हणून टाकलेला असतो, त्यात पीजी दोन वर्षांच्या कोर्सच्या खाली पास झालेले किती, प्लेस झालेले किती आणि मीडियन सॅलरी किती हे वर्षावार असतं. तो कॉलेजनंच भरलेला डेटा आहे त्यामुळं देवाची वाणी समजू नको, पण ब्रोशरच्या शेजारी ठेवून बघ, बऱ्याचदा फरक तिथंच उघडा पडतो. पीडीएफमध्ये मीडियन ६ आणि ब्रोशरवर ॲव्हरेज ९ असेल तर तुला उत्तर मिळालं. मग लिंक्डइनवर त्याच कॉलेजची दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेली, मेकॅनिकल केलेली, प्रॉडक्शन नाहीतर क्वालिटीतून गेलेली सातआठ पोरं शोध आणि सरळ विचार की पहिल्या नोकरीत हातात किती आले आणि आता कुठं आहेस. पॅकेज किती विचारू नको, हातात किती विचार. टॉपर शोधू नको, तो कॉलेज तुला स्वतःहून दाखवेल. आणि प्लेसमेंट ऑफिसला ईमेलवर विचार, बॅच किती, रजिस्टर किती, मीडियन किती. फोनवर नको. जे ईमेलवर आकडा देत नाहीत त्यांच्याकडं सांगण्यासारखा आकडा नसतो असं माझं मत झालंय.

अजून एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. मी वर तुझी तुलना उद्यमबागेतल्याच नोकरीशी केली, पण ती बरोबर तुलना नाही. एमबीए सोडून तुझ्यापुढं जो सगळ्यात चांगला रस्ता आहे त्याच्याशी करायला पाहिजे. तीन वर्षं क्वालिटीत काढलेल्या पोराला, सीएमएम चालवता येत असेल, ड्रॉइंग वाचता येत असेल, पीपॅपचे कागद करता येत असतील, तर कागल, गोकुळ शिरगाव, चाकण इथं नोकरी बदलून बघता येते. समज चाकणला ३८ हजार मिळाले. मग साडेसात लाखांच्या एमबीए नोकरीतला फरक पहिल्या वर्षी लाखाच्या खाली येतो, राहण्याचा खर्च दोन्हीकडं सारखा धरूनही, आणि सुटलेला पगार पण वाढतो. म्हणून सीट घ्यायच्या आधी दोन-तीन ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन ये. ऑफर नाही घेतलीस तरी चालेल, तुझा आजचा भाव काय आहे तो कळायला पाहिजे, नाहीतर कशातनं काय वजा करायचं तेच माहीत नाही.

आणि एमबीएच करायचं असेल तर हीच सीट कशाला? किमतीतला मोठा भाग फी आणि सुटलेला पगार आहे, दोन्हीतला एक जरी कमी झाला तरी चित्र बदलतं. कर्नाटकाच्या पीजीसीईटीतून सरकारी कोट्याची सीट, किंवा महाराष्ट्राच्या सीईटीतून विद्यापीठाच्या डिपार्टमेंटची सीट, ह्यांची फी बरीच कमी पडते. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी तरतूद आहे, तुझं गाव त्यात येतंय का, शाळेचे दाखले आणि मातृभाषेचा कागद आहे का ते बघ, कितीतरी पोरांना हे माहीतच नसतं आणि ती बाहेरचा विद्यार्थी म्हणून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरून बसतात. फी साडेनऊच्या जागी ३ लाख झाली तर एकूण किंमत १३ लाखांवर येते आणि साडेसातच्या नोकरीतही हिशोब बऱ्यापैकी जवळ येतो. किंवा नोकरी चालू ठेवून पार्टटाइम कर, तिथं सुटलेला ८ लाखांचा पगार सुटतच नाही. पार्टटाइमला कॅम्पस प्लेसमेंट नसते हे खरं, पण ज्याला आपल्याच कंपनीत किंवा ओळखीत वर जायचंय त्याला ती लागत पण नाही.

तेव्हा तुझ्या ह्या सीटबद्दल माझं म्हणणं असं. एनआयआरएफच्या पीडीएफमध्ये मीडियन साडेदहाच्या वर दिसला आणि तुझ्यासारखी चारपाच पोरं तिथं पोचलेली सापडली तर जा, लोन काढून जा. साडेसात-आठच्या आसपास असेल तर साडेनऊ लाख देऊन जाऊ नको, पुढच्या वर्षी सीईटी नीट देऊन कमी फीची सीट घे, तोपर्यंत चाकण बघ.

सीट कन्फर्मेशनचे पैसे आत्ता मागत असतील आणि तारीख जवळ असेल तर घाबरून भरू नको. भरलेसच, आणि कॉलेज एआयसीटीईच्या मान्यतेचं असेल, तर कोर्स सुरू व्हायच्या आधी प्रवेश रद्द केल्यावर जास्तीत जास्त एक हजार कापून बाकी फी परत द्यायची असा त्यांचा नियम आहे, आणि ओरिजिनल मार्कशीट अडवून ठेवता येत नाही. पैसे ऑनलाइन भर, पावती कॉलेजच्या नावाची घे, एजंटच्या हातात रोख देऊ नको, आणि ओरिजिनल कागद दाखवून लगेच परत घे.